मधल्या पोराचं पॅकेज

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामांनी एक फोटो टाकला. वर्तमानपत्राच्या पानाचा फोटो, थोडा तिरका, एका कोपऱ्यात मामांच्या अंगठ्याची सावली. मथळा होता, ‘आयआयटी मुंबईत सरासरी पगार साडेतेवीस लाख’. खाली बातमीच्या दीड ओळी दिसत होत्या, बाकी सगळं फोटोच्या बाहेर. सोबत मामांचा मेसेज : ‘बंटीले दाखव.’

बंटी म्हणजे मामांचा मुलगा. तेव्हा तो दहावीत होता. मामा हिवरखेडला असतात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. कापूस, सोयाबीन, तूर. बंटीला दोन वर्षं अकोल्याला जेईईच्या क्लासला ठेवायचं, खोली आणि मेस वेगळी, आणि त्यासाठी दोन एकर गहाण टाकायची, असा विचार घरात चालू होता. मी फोन केला तेव्हा मामांनी हिशेब तयारच ठेवला होता. ‘‘सरासरी साडेतेवीस म्हनजे कमीत कमी तेवढं त भेटनच ना पोरी? दोन वर्सांत वावर सुटते.’’

हा लेख त्या मथळ्यावर आहे आणि त्याहून जास्त त्या मथळ्याला गेलेल्या एका पत्रावर आहे. पत्र आमच्या गावातल्या एका निवृत्त गणित शिक्षकांनी लिहिलं. मीही त्यांची विद्यार्थिनी. वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे आपण साहित्य म्हणून बघत नाही, पण दीडशे शब्दांत एखाद्याची चूक दाखवायची, तीही त्याच्याच पानावर छापून यावी अशा बेताने, हे लिहिण्याचं अवघड काम आहे. सरांचं पत्र मला त्यातलं चांगलं पत्र वाटतं. त्यात एक चूकही आहे, तिच्याकडे पुढे येतेच.

आधी पत्र :

‘मा. संपादक महोदय, आपल्या दैनिकात “आयआयटी मुंबईत सरासरी पगार साडेतेवीस लाख” ही बातमी वाचली. आकडा बरोबर आहे. मथळा मात्र वाचकाला भलत्या ठिकाणी नेतो. आपल्याच बातमीत खाली दिले आहे, की १,४७५ विद्यार्थ्यांनी नोकरी स्वीकारली आणि त्यांपैकी ५५८ जणांना वीस लाखांहून अधिक पॅकेज मिळाले. म्हणजे उरलेल्या ९१७ जणांना वीस लाख किंवा त्याहून कमी मिळाले. शंभरातल्या बासष्ट जणांना जे मिळालेच नाही, ते मथळ्यात “सरासरी” म्हणून आले, की वाचक त्याला “सर्वसाधारण” असे वाचतो. बातमीत असेही आहे, की २३० जणांना पावणेसतरा ते वीस लाखांच्या दरम्यान पॅकेज मिळाले. वरून मोजत आल्यास बरोबर मधला, म्हणजे ७३८ वा विद्यार्थी, याच गटात सापडतो. दहावीच्या पुस्तकातील रीतीने त्याचे पॅकेज सुमारे साडेसतरा लाख निघते. पुढच्या वेळी मथळा असा देता येईल : “आयआयटी मुंबईत निम्म्या विद्यार्थ्यांना साडेसतरा लाखांपर्यंतच पॅकेज”. आपला, एक निवृत्त शिक्षक, हिवरखेड.’

पहिल्या वाचनात पत्र फार साधं वाटतं. मला तर टाइप करताना ते नेभळट वाटलं होतं. मी म्हटलं, ‘‘सर, दिशाभूल हा शब्द तरी घाला.’’ सर म्हणाले, ‘‘दिशाभूल म्हटलं की ते नियत तपासायला बसतात. मला त्यांनी आकडे तपासायला हवेत.’’

म्हणून दुसरंच वाक्य ‘आकडा बरोबर आहे’ असं येतं. या तीन शब्दांचं महत्त्व मला नंतर कळलं. असल्या मथळ्यांवर चिडून लिहिणारे बहुतेक लोक ‘खोटं छापलं’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच हरतात, कारण संपादकाकडे संस्थेचा अहवाल असतो आणि त्यात साडेतेवीस लाख स्वच्छ छापलेले असतात. इथे एकही आकडा खोटा नाही. १,४७५ जणांची सगळी पॅकेजेस एकत्र केली आणि १,४७५ ने भागलं, की साडेतेवीस लाख येतात. प्रश्न फक्त एवढाच, की हा आकडा नेमका कोणाचा? सरांचं उत्तर असं, की बहुतेकांचा नाही. आणि हे उत्तर ते बाहेरून काही न आणता बातमीच्याच पोटातून काढतात. संपादकाला नाही म्हणता येणार नाही असा पुरावा तोच, जो त्याने स्वतः छापला आहे.

मधल्या विद्यार्थ्याचा हिशेब पत्रात दोन-तीन वाक्यांत उरकला आहे. तो नीट पाहण्यासारखा आहे, कारण ही युक्ती कुठल्याही अशा बातमीला लावता येते. कल्पना करा, की १,४७५ पोरांना शाळेच्या मैदानावर पॅकेजच्या क्रमाने उभं केलंय, सगळ्यात जास्तवाला डावीकडे. बरोबर मधे उभा आहे ७३८ वा. त्याच्या डावीकडे ७३७, उजवीकडे ७३७. पहिले ५५८ वीस लाखांच्या वरचे, म्हणजे मधला त्यांच्यात नाही. पुढचे २३० पावणेसतरा ते वीसमधले. ५५८ आणि २३० मिळून ७८८ होतात, म्हणजे ७३८ वा या दुसऱ्या गटात आला. आता या गटात तो कितवा? ७३८ वजा ५५८, म्हणजे १८० वा. गटाची रुंदी सव्वातीन लाख आणि त्यात २३० पोरं. ती सारख्या अंतरावर पसरली आहेत असं धरलं, तर १८० व्या पोरापर्यंत येताना वीस लाखांतून साधारण २.५४ लाख उतरतात. उरले १७.४६ लाख. हाच तो मध्यक, जो आपण दहावीच्या सांख्यिकीच्या धड्यात संचित वारंवारतेचा तक्ता मांडून काढला आणि परीक्षेनंतर विसरलो.

‘सारख्या अंतरावर पसरली आहेत’ हे गृहीत आहे, आणि म्हणूनच सर ‘सुमारे’ लिहितात. खरा आकडा थोडा इकडेतिकडे असेल. पण तो पावणेसतराच्या खाली किंवा विसाच्या वर जाऊच शकत नाही, एवढं गृहीत न धरताही पक्कं आहे. मथळ्यातला आकडा आणि मधल्या पोराचा आकडा यांत किमान साडेतीन लाखांची फट आहे.

ही फट कुठून आली, याबद्दल माझी समजूत चुकीची होती. त्याच बातमीत २२ जणांना एक कोटीच्या वर पॅकेज मिळाल्याचं होतं. मी पत्राच्या कच्च्या मसुद्यात मोठ्या जोशात घातलं होतं, की ‘या बावीस कोटीवाल्यांनी सरासरी फुगवली’. सरांनी ते वाक्य खोडलं आणि मला भागाकार करायला लावला. १,४७५ गुणिले साडेतेवीस लाख म्हणजे सगळे मिळून सुमारे ३४६ कोटी रुपये. बावीस जणांना एक-एक कोटी धरून बाजूला काढलं, तरी उरलेल्यांची सरासरी बावीस लाखांच्या वरच राहते. ती जेमतेम सव्वा लाखाने खाली येते. त्यांची पॅकेजेस कोटीहून बरीच जास्त असतील तर आणखी थोडी घसरेल, पण सगळी फट त्यांच्या माथी मारता येत नाही. सरासरी वर ओढतात ते वीस लाखांवरचे सगळे ५५८ जण मिळून. पगाराच्या रांगेचा आकारच तसा असतो. खालच्या बाजूला जमीन असते, तिच्या खाली कोणी जाऊ शकत नाही, आणि वरच्या बाजूला छप्परच नसतं. अशा रांगेत सरासरी बहुधा मधल्याच्या पुढे जाऊन उभी राहते. दोन-चार अतिश्रीमंत वगळले की आकडा सरळ होतो, ही आपली आवडती समजूत इथे टिकत नाही.

मग मामांनी साडेतेवीसला ‘कमीत कमी’ का वाचलं? मामा अडाणी नाहीत. सरासरी हा शब्द ते माझ्याहून जास्त वापरतात. ‘औंदा सरासरी सहा क्विंटलचा उतारा बसला’ असं ते कापसाबद्दल म्हणतात, आणि तिथे तो शब्द बरोबर चालतो. एकरी कोणाला चार होतात, कोणाला आठ, चांगलं पाणी असलं तर बारा. शंभर क्विंटल कोणालाच होत नाहीत. उताऱ्याला वरूनही छप्पर आहे. म्हणून तिथे सरासरी आणि सर्वसाधारण जवळजवळ उभे असतात, आणि गावच्या बोलीत दोन्ही शब्द एकच होऊन जातात. मथळा वाचताना मामांनी वावरातला शब्द पगाराला लावला. मथळा लिहिणाऱ्याने तसा बेत केला असेल असं मला वाटत नाही. पण हा शब्द वाचक कसा वाचतो, हे ज्याच्या हातात मथळे असतात त्याला माहीत असायला हवं, आणि सरांच्या पत्रातलं ‘वाचक त्याला सर्वसाधारण असे वाचतो’ हे वाक्य नेमकं त्यासाठी आहे. पत्राचा कणा तेच आहे.

मामांना सरासरीचा दुसरा चेहराही माहीत आहे, फक्त त्या क्षणी आठवला नाही. पीकविम्यात उत्पादनातल्या घटीचं नुकसान ठरवायला तुमचं एकट्याचं वावर धरत नाहीत, महसूल मंडळ धरतात. मंडळात काही ठिकाणी पीक कापणी प्रयोग होतात, त्यातून मंडळाचं सरासरी उत्पादन निघतं आणि ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं, तरच त्या मंडळातल्यांना भरपाई. तुमची तूर पूर्ण जळाली आणि बाकी मंडळात बरी आली, तर सरासरी बरी आणि तुमच्या हाती काही नाही. मी फोनवर एवढंच म्हटलं, ‘‘मामा, मंडळाची सरासरी म्हंजे तुमचं वावर का?’’ तिकडे थोडा वेळ शांतता होती. मग, ‘‘नाई ना. तेच त रडनं हाये.’’ मध्यक, रांग, ७३८ वा पोरगा, यांतलं काहीही सांगायच्या आधी त्यांना मुद्दा कळला होता.

आता पत्रातली चूक. सरांनी सुचवलेला मथळा परत वाचा : ‘आयआयटी मुंबईत निम्म्या विद्यार्थ्यांना साडेसतरा लाखांपर्यंतच पॅकेज’. निम्म्या विद्यार्थ्यांना? नाही. नोकरी स्वीकारलेल्यांपैकी निम्म्यांना. त्या वर्षी प्लेसमेंटमध्ये प्रत्यक्ष भाग घेतलेले विद्यार्थी होते १,९७९. त्यातल्या १,४७५ जणांचं जमलं. उरलेले ५०४ ना सरासरीत आहेत, ना सरांच्या मैदानावरच्या रांगेत. भाग घेतलेल्या दर चारातला एक जण भागाकार सुरू व्हायच्या आधीच मैदानाबाहेर आहे.

त्यांना रांगेत शेवटी उभं करून पाहू. १,९७९ च्या रांगेत मधला ९९० वा. पावणेसतरा लाखांच्या वर फक्त ७८८ आहेत. म्हणजे आता मधला पोरगा पावणेसतराच्याही खाली गेला. हेही अंतिम सत्य नाही. त्या ५०४ मधले काही पुढे शिकायला गेले असतील, काहींनी बाहेरून स्वतः नोकरी मिळवली असेल, काहींनी स्पर्धा परीक्षा धरली असेल. त्यांना शून्य पगार धरणंही अन्यायाचंच. पण ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द वापरून त्यांना गायब करणं हे मथळ्याने केलं आणि त्या मथळ्याला दुरुस्त करणाऱ्या पत्रानेही केलं. मी हे दाखवलं तेव्हा पत्र जाऊन दोन दिवस झाले होते. सर म्हणाले, ‘‘छेद बघायचा राहिला. पोरांचे गुण कापत होतो यासाठी.’’

ही चूक जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. डॅरेल हफ यांचं आकड्यांच्या फसवणुकीवरचं प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक १९५४ साली आलं. त्याचं पहिलं प्रकरण सुरू होतं पगाराच्याच एका बातमीने : येल विद्यापीठाच्या १९२४ च्या बॅचचा सरासरी माणूस वर्षाला २५,१११ डॉलर कमावतो. हफ आधी विचारतात, इतका नेमका आकडा आलाच कसा? आणि मग विचारतात, पत्ता न सापडलेल्यांचं काय, ज्यांनी उत्तरच दिलं नाही त्यांचं काय? सत्तर वर्षं झाली. येलच्या जागी आयआयटी आली, हरवलेल्या पत्त्यांच्या जागी ते ५०४ आले.

पत्रात आणखी एक जागा मोकळी राहिली. मथळ्यात ‘पगार’ आहे, सरांनी गुपचूप ‘पॅकेज’ केलं आणि पुढे गेले. मला वाटतं तिथे एक वाक्य हवं होतं. कंपनी सांगते तो आकडा म्हणजे तिचा वर्षाचा सगळा खर्च असतो. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, एकदाच मिळणारा रुजू होण्याचा बोनस, कधी कंपनीचे शेअर, जे हातात यायला काही वर्षं लागतात, असं बरंच धरलेलं असतं. त्याला बाराने भागून महिन्याला खात्यात तेवढे येतील असं समजणाऱ्याचा कर्जाचा हप्ता पहिल्याच महिन्यात चुकू शकतो. मामांचं ‘दोन वर्सांत वावर सुटते’ हे गणित असंच बाराने भागून आलेलं होतं.

पत्र आठवड्याने छापून आलं. अर्धं. शंभरातल्या बासष्टांपर्यंतचा भाग होता. मधल्या विद्यार्थ्याचा हिशेब आणि सुचवलेला मथळा दोन्ही कापलेले. जागेची अडचण मला कळते, पण काय कापलं गेलं ते बघण्यासारखं आहे. तक्रार उरली आणि दुरुस्ती गेली. ‘आकडा बरोबर आहे, मथळा भलत्या ठिकाणी नेतो’ एवढं वाचून कोणाला वाटेल, की निवृत्त शिक्षकांना शब्दांचा कीस काढायची हौस आहे. नेमकं काय छापायला हवं होतं हे पत्रात होतं, आणि वाचकांपर्यंत तेवढंच पोचलं नाही. एका अर्थी सरांची चूक लपली, याचं सरांनाही बरं वाटलं नाही.

माझा खरा आक्षेप मात्र मथळ्यापेक्षा फोटोवर आहे, आणि त्यात आपण सगळे येतो. पूर्वी लोक कात्रण कापायचे. कात्री बातमीच्या कडेने फिरायची, त्यामुळे मथळ्यासोबत खालचा तक्ताही घरात यायचा. कोणी पुढे वाचलं तर त्याला ५५८ सापडायचे. फोटो काढताना आपण मथळा वाचता येईल इतके जवळ जातो आणि तक्ता बाहेर राहतो. मग तो फोटो पाच ग्रुपांवर फिरतो, आणि ज्याच्या घरी निर्णय व्हायचा आहे त्याच्याकडे फक्त एक आकडा आणि एक शब्द पोचतो. सरांचं पत्र शक्य झालं, कारण त्यांच्याकडे पेपर येतो. त्यांनी फोटो पाहिला आणि मग पान उघडून खालचा मजकूर वाचला. मी मात्र फोटोच पाहिला होता.

तुमच्या घरी असा फोटो आला, तर एक सोय आहे. देशातल्या संस्थांची क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफला कॉलेजं जी माहिती देतात, तिच्यात पगाराची सरासरी नसते, मध्यक असतो. किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती उच्च शिक्षणाला गेले, हेही शेजारच्या रकान्यांत असतं. म्हणजे मधला पोरगा आणि छेद, दोन्ही एका ओळीत. क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं ही माहिती आपल्या वेबसाइटवर ठेवतात. गुगलवर कॉलेजचं नाव आणि NIRF data असं टाकलं की बहुधा पीडीएफ सापडते. त्यात Median salary of placed graduates हा रकाना बघायचा. माहिती कॉलेजनेच भरलेली असते हे लक्षात ठेवून वाचायची, आणि हा मध्यकही नोकरी लागलेल्यांचाच असतो, म्हणून नोकरी लागलेल्यांचा आकडा एकूण पोरांच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचायची.

बंटी अकोल्याला गेला. वावर गहाण टाकलं नाही. मामांनी पहिल्या वर्षापुरतेच पैसे उभे केले आणि पुढचं पुढे पाहू म्हणाले. परवा ग्रुपवर त्यांचा नवा फोटो आला. रस्त्याकडेचं एका खासगी कॉलेजचं होर्डिंग, सर्वोच्च पॅकेज इतकं, सरासरी पॅकेज इतकं. या वेळी होर्डिंग वरपासून खालपर्यंत पूर्ण आलं होतं, फोन नंबरसकट. खाली मामांचा मेसेज : ‘मधल्याचं कुठी लिवलं हाये?’

मी झूम करून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.